एसटीएल की स्टेप? थ्रीडी मॉडेलमध्ये बदल करायचा असेल तर कोणती फाइल डाउनलोड करावी?



अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांमध्ये सहावी ते बारावीची मुलं थ्रीडी प्रिंटर हाताळतात. आयटीआय आणि पॉलिटेक्निकला गेल्यावर तर संगणकावर पार्ट काढणं हा अभ्यासाचाच भाग असतो. अशा वेळी सगळेच एक सोपा मार्ग धरतात. तयार मॉडेल इंटरनेटवरून घ्यायचं आणि त्यात आपल्या गरजेपुरता बदल करायचा. यात चूक काहीच नाही. पण डाउनलोडच्या पानावर एकाच मॉडेलच्या तीन-चार फाइली दिसतात: `.stl`, `.3mf`, `.obj`, `.step`. बहुतेक जण ओळखीची म्हणून पहिली `.stl` घेतात. मग फाइल उघडते, मॉडेल फिरवून बघता येतं, प्रिंटही निघते. फक्त एक भोक चार मिलिमीटरनं मोठं करायला गेलं की गाडी अडते.

असं का होतं, ते आज आपण एका उदाहरणावरून समजून घेऊ.

आपलं उदाहरण: ठिबकच्या नळीचा ठोकळा

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागांमध्ये ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या तुम्ही पाहिल्याच असतील. झाडांच्या ओळीने जाणारी ही नळी, म्हणजे लॅटरल, साधारणपणे 16 मिमी किंवा 20 मिमी अशा मापात मिळते. समजा, नळी जागेवर धरून ठेवणारा एक छोटा ठोकळा तुम्हाला तयार मिळाला. सरावासाठी आकार मुद्दाम सोपा घेऊ.

लांबी 40 मिमी, रुंदी 30 मिमी, जाडी 12 मिमी. नळी जाण्यासाठी 16 मिमी व्यासाचं आरपार भोक. त्याच्या बाजूला स्क्रूसाठी 4 मिमी व्यासाचं दुसरं आरपार भोक. दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर 18 मिमी.

आता तुमच्या बागेतली नळी 20 मिमीची आहे. म्हणजे मोठं भोक 16 चं 20 करायचं आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. एवढंच काम आहे. हे काम दोन प्रकारच्या फाइलींवर करून बघू.

मेश फाइल काय साठवते?

मेश म्हणजे जाळी. एसटीएल हा प्रकार 1987 साली थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीच्या स्टिरिओलिथोग्राफी यंत्रासाठी तयार झाला. यंत्राला फक्त वस्तूचा बाहेरचा पृष्ठभाग कळायला हवा होता, म्हणून फाइलीत तेवढंच ठेवलं गेलं. पृष्ठभागाचे छोटे छोटे सपाट त्रिकोण पाडायचे आणि प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे लिहून ठेवायचे. एसटीएलचा अक्षरी प्रकार नोटपॅडमध्ये उघडला तर असं काहीतरी दिसतं:

```
facet normal 0 0 1
  outer loop
    vertex 0 0 12
    vertex 30 0 12
    vertex 30 20 12
  endloop
endfacet
```

हा एक त्रिकोण झाला. `normal` ही ओळ त्रिकोणाची बाहेरची बाजू कोणती ते सांगते, आणि `vertex` च्या तीन ओळी म्हणजे तीन कोपऱ्यांचे निर्देशांक. अशा शेकडो, हजारो त्रिकोणांची यादी म्हणजे अख्खी फाइल. दुसरा, जास्त वापरला जाणारा बायनरी प्रकार आहे. त्यात सुरुवातीचे 84 बाइट सोडले की प्रत्येक त्रिकोणाला बरोबर 50 बाइट लागतात. म्हणून 10,000 त्रिकोणांची फाइल 5,00,084 बाइटची होते. फाइलचा आकार बघून त्रिकोण किती आहेत हे तुम्ही वहीवर काढू शकता.

आता नीट विचार करा. या यादीत "भोक" हा शब्द कुठे आहे? कुठेच नाही. "व्यास 16" कुठे आहे? तोही नाही. भोकाचं केंद्र? नाही. मापाचं एकक, म्हणजे मिमी की इंच? तेही नाही! संगणकाला फक्त त्रिकोण माहीत आहेत. त्या त्रिकोणांची गोलाकार मांडणी पाहून "हे भोक आहे" असं आपला डोळा म्हणतो.

भूमितीच्या तासाला कंपासपेटी काढा. एक वर्तुळ कंपासने काढा. दुसरं वर्तुळ पट्टीने, छोट्या छोट्या सरळ रेषा जोडून काढा. लांबून दोन्ही गोलच दिसतात. पण पहिल्याला केंद्र आणि त्रिज्या आहे. दुसरी खरं म्हणजे बहुभुजाकृती आहे. एसटीएलमधलं भोक हे दुसऱ्या प्रकारचं असतं.

याचा मापावर परिणामही होतो. बहुभुजाकृतीचे कोपरे 16 मिमीच्या वर्तुळावर असतात, पण सरळ बाजू आत येतात. भोकाचा गोल 16 बाजूंचा केला असेल, तर समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर 15.69 मिमी भरतं. म्हणजे सुमारे 0.31 मिमी कमी. 32 बाजू घेतल्या तर ते 15.92 मिमी होतं. बाजू वाढवल्या की फरक कमी होत जातो, पण शून्य कधीच होत नाही. 16 मिमीची नळी घट्ट का बसते, याचं एक कारण इथेही सापडू शकतं.

सॉलिड फाइल काय साठवते?

स्टेप हा आंतरराष्ट्रीय मानक प्रकार आहे. त्याचा मानक क्रमांक आयएसओ 10303, आणि तो पहिल्यांदा 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. फाइलीच्या नावाशेवटी `.step` किंवा `.stp` असतं. दोन्ही एकच. ही फाइलसुद्धा नोटपॅडमध्ये उघडते. आपल्या ठोकळ्याच्या फाइलीत शोधलं तर अशी एक ओळ सापडेल:

```
#52=CYLINDRICAL_SURFACE('',#51,8.);
```

याचा अर्थ सरळ आहे. हा दंडगोलाकार पृष्ठभाग आहे, त्याची जागा आणि अक्षाची दिशा `#51` क्रमांकाच्या ओळीत दिली आहे, आणि त्रिज्या 8. म्हणजे व्यास 16. इथे त्रिकोणांचा पत्ताच नाही. कंपासने काढलेलं वर्तुळ जसं केंद्र आणि त्रिज्या जपतं, तसं ही फाइल जपते. सपाट बाजू असेल तर `PLANE` असं लिहिलेलं असतं. शिवाय कोणती बाजू कोणत्या कडेला जोडलेली आहे आणि आतला भाग भरीव आहे, हेही त्यात नोंदवलेलं असतं. एककही असतं. मिमीमध्ये बनवलेल्या फाइलीत `SI_UNIT(.MILLI.,.METRE.)` अशी नोंद सापडते.

मग स्टेपमध्ये काय नसतं? मॉडेल कसं कसं बनवलं त्याचा इतिहास नसतो. आधी चौकोन काढला, मग तो 12 मिमी उचलला, मग भोक पाडलं, या पायऱ्या फक्त ज्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बनलं त्याच्या मूळ फाइलीत राहतात. फ्रीकॅडची `.FCStd`, सॉलिडवर्क्सची `.SLDPRT`, फ्यूजनची `.f3d` ही अशा मूळ फाइलींची नावं. मूळ फाइलीत 16 खोडून 20 लिहिलं की काम संपलं. पण अडचण अशी की ती फाइल बहुधा त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडते, आणि नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत बऱ्याचदा उघडतच नाही. म्हणून सगळीकडे चालणारी, तरीही अचूक माप सांभाळणारी फाइल म्हणून स्टेप कामी येते.

एसटीएलवर काम करायला गेलं तर

पहिला उपाय बहुतेकांना सुचतो तो म्हणजे मॉडेल ओढून मोठं करणं. 16 चे 20 हवेत, म्हणजे 1.25 पट. बघा काय होतं ते. भोक 20 मिमी झालं खरं, पण ठोकळा 50 × 37.5 × 15 मिमी झाला. स्क्रूचं भोक 4 चं 5 झालं, आता तोच स्क्रू ढिला बसणार. दोन केंद्रांमधलं अंतर 18 चं 22.5 झालं, म्हणजे लाकडावर आधी पाडलेल्या भोकांशी ते जुळणार नाही. जाडी कायम ठेवून फक्त लांबी-रुंदी वाढवली तरी स्क्रूचं भोक आणि अंतर बिघडतंच. त्रिकोणांच्या यादीत एक माप वेगळं काढून बदलता येत नाही, कारण तिथे ते माप मुळातच नाही.

दुसरा उपाय जास्त बरा आहे. टिंकरकॅडमध्ये एसटीएल आयात करायची, 20 मिमीचा भोक-दंडगोल जुन्या भोकावर ठेवायचा आणि दोन्ही एकत्र करायचे. साध्या कामाला हे चालतं. पण जुन्या भोकाचं केंद्र फाइलीत नसल्यामुळे दंडगोल अंदाजाने ठेवावा लागतो. तो थोडा जरी सरकला तरी भोकाभोवतीची भिंत एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक होते. कधी जुन्या भोकाचा एखादा पातळ तुकडाही कडेला शिल्लक राहतो.

तिसरा उपाय म्हणजे एसटीएलचंच सॉलिड बनवणं. फ्रीकॅडमध्ये त्याची सोय आहे. `Part` वर्कबेंचमध्ये जाऊन आधी `Create shape from mesh`, मग `Convert to solid`, आणि शेवटी `Refine shape`. शेवटच्या पायरीत एकाच पातळीतले शेजारचे त्रिकोण जुळून एक सपाट बाजू बनते. ठोकळ्याच्या वरच्या-खालच्या बाजू छान साफ होतात. पण भोकाची भिंत? ती 32 सपाट पट्ट्यांचीच राहते. गोलाई एकदा गेली ती गेली.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्टेपपासून एसटीएल कधीही बनवता येते, हवी तितकी बारीकही. एसटीएलपासून खरी स्टेप आपोआप परत मिळत नाही. लिंबाचं सरबत करता येतं, सरबताचं लिंबू होत नाही.

स्टेपवर तेच काम

फ्रीकॅड मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालतं. पायऱ्या अशा:

1. `File` → `Open` मधून `.step` फाइल उघडा आणि `Part` वर्कबेंच निवडा.
2. एक `Cylinder` घ्या. त्याची `Radius` 10 mm आणि `Height` 30 mm करा. त्रिज्या 10 म्हणजे व्यास 20. इथे बरीच मुलं घाईत 20 टाकतात आणि भोक 40 मिमीचं होतं.
3. दंडगोल निवडून `Part` → `Attachment...` उघडा. मोठ्या भोकाच्या गोल कडेवर क्लिक करा आणि `Concentric` हा पर्याय निवडा. दंडगोल भोकाच्या अगदी केंद्रावर जाऊन बसतो. अंदाज नाही, डोळ्याने जुळवणं नाही. केंद्र फाइलीतच होतं, म्हणून हे जमलं.
4. त्याच खिडकीत `Z` दिशेचा ऑफसेट -15 mm द्या. 30 मिमीचा दंडगोल कडेच्या दोन्ही बाजूंना 15-15 मिमी जातो. ठोकळा 12 मिमी जाड आहे, त्यामुळे दंडगोलाची दिशा कोणतीही असली तरी तो आरपार जाणारच.
5. आधी ठोकळा निवडा, मग कंट्रोल दाबून दंडगोल निवडा, आणि `Cut` करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यातून दुसरा वजा होतो.

आता तपासून बघा. ठोकळा 40 × 30 × 12 च आहे. स्क्रूचं भोक 4 मिमीच आहे. केंद्रांमधलं अंतर 18 मिमीच आहे. रुंदीच्या बाजूने भोक मधोमध असेल, तर तिथली भिंत दोन्हीकडे 7 मिमीवरून 5 मिमी झाली, कारण 30 मधून 20 वजा करून निम्मे केले की 5 उरतात. प्रिंटमध्ये भोकं थोडी घट्ट येतात, म्हणून नळी सहज सरकायला हवी असेल तर त्रिज्या 10 ऐवजी 10.2 ठेवून एक चाचणी प्रिंट काढा.

शेवटी दोन फाइली साठवा. प्रिंटसाठी `.stl` किंवा `.3mf`, आणि पुढच्या बदलासाठी `.step`. उद्या कोणी म्हणालं, "सर, आमची नळी 12 ची आहे," तर सुरुवात पुन्हा स्टेपपासूनच करायची.

बाकीच्या फाइलींचं काय?

`.obj` हीसुद्धा मेशच. यात कोपऱ्यांची यादी एकदाच लिहितात आणि मग कोणते कोपरे जोडायचे ते सांगतात. रंग आणि पोत वेगळ्या `.mtl` फाइलीत असतात. अ‍ॅनिमेशन आणि गेमसाठी ती सोयीची आहे.

`.3mf` हा 2015 पासूनचा नवा प्रकार. एसटीएलच्या बऱ्याच उणिवा यात भरून काढल्या आहेत. एकक असतं, रंग असतो, एका फाइलीत अनेक वस्तू ठेवता येतात. प्रिंटसाठी एसटीएलपेक्षा ही चांगली. पण आकार त्रिकोणांतच साठवलेला असतो, म्हणून बदल करण्याच्या बाबतीत ती एसटीएलच्याच पंगतीत बसते.

`.iges` किंवा `.igs` हा स्टेपच्या आधीचा, 1980 पासूनचा प्रकार. त्यात खऱ्या वक्र बाजू असतात, पण अनेकदा त्या सुट्या सुट्या येतात आणि उघडल्यावर शिवून घ्याव्या लागतात. स्टेप मिळत असेल तर ही घेऊ नका.

एककाचा गोंधळ ओळखायची एक खूण सांगतो. एसटीएल उघडल्यावर 40 मिमीचा ठोकळा 1.57 मिमीचा दिसला, तर तो इंचांत बनवलेला आहे. 25.4 ने गुणा, माप जागेवर येईल.

खोटी स्टेप कशी ओळखायची?

काही जण एसटीएललाच स्टेपमध्ये बदलून वेबसाइटवर चढवतात. नाव `.step`, पण आत सगळे त्रिकोणच. अशी फाइल ओळखायच्या तीन खुणा आहेत.

पहिली, भोकाच्या भिंतीवर क्लिक करा. खऱ्या स्टेपमध्ये पूर्ण भिंत, किंवा फार तर अर्धी, एकदम उजळते. खोट्या स्टेपमध्ये फक्त एक बारीक पट्टी किंवा त्रिकोण उजळतो.

दुसरी, नोटपॅडमध्ये `CYLINDRICAL_SURFACE` शोधा. गोल भोकं डोळ्याला दिसतात, पण हा शब्द एकदाही सापडत नाही आणि `PLANE` मात्र शेकड्याने आहेत, तर समजून जा.

तिसरी, फाइलचा आकार. दोन भोकांच्या साध्या ठोकळ्याची स्टेप काही किलोबाइटची असते. ती कित्येक मेगाबाइटची असेल तर शंका घ्या.

मग मेश नेहमीच वाईट का?

नाही. गणपतीची मूर्ती, मोबाइलने स्कॅन केलेला चेहरा, झाडाचं खोड अशा आकारांना त्रिज्या आणि केंद्र नसतंच. ते मूळातच मेशमध्ये घडवलेले असतात आणि त्यात बदलही ब्लेंडरसारख्या मेशच्या सॉफ्टवेअरमध्येच करायचा असतो. तिथे स्टेप शोधत बसू नका.

उलट अकोल्याच्या एमआयडीसीतल्या दाल मिलच्या यंत्राचा एखादा भाग घ्या. त्यात 6204 नंबरचं बेअरिंग बसवायचं आहे. त्याचं आतलं भोक 20 मिमी, बाहेरचा व्यास 47 मिमी, रुंदी 14 मिमी. इथे 47 च्या जागी 46.8 चालत नाही. टर्निंग किंवा मिलिंग करणाऱ्या वर्कशॉपलाही खरं वर्तुळ लागतं, पट्ट्यांचं नाही. म्हणून असा पार्ट देता-घेताना स्टेपच मागायची.

थोडक्यात

| तुमचं काम | कोणती फाइल घ्यायची |
|---|---|
| फक्त प्रिंट काढायची | `.3mf`, नाहीतर `.stl` |
| माप बदलायचं, सॉफ्टवेअर तेच आहे | मूळ फाइल |
| माप बदलायचं, सॉफ्टवेअर वेगळं आहे | `.step` / `.stp` |
| मूर्ती, स्कॅन, नैसर्गिक आकार | `.obj` किंवा `.stl` |
| साध्या पार्टची फक्त `.stl` मिळाली | मापं घेऊन नव्याने काढा |

शेवटची ओळ वाचून हसू नका. आपल्या ठोकळ्यासारखा पार्ट कॅलिपरने मोजून फ्रीकॅडमध्ये नव्याने काढायला सरावाच्या मुलाला अर्धा तास पुरतो. त्रिकोणांशी झुंजण्यापेक्षा ते सोपं, आणि हाती खरी मापं असलेली फाइल येते.

स्वाध्याय

1. एका बायनरी एसटीएल फाइलीचा आकार 60,084 बाइट आहे. तीत त्रिकोण किती?
2. आपल्या ठोकळ्यात 20 मिमीऐवजी 25 मिमीचं भोक केलं तर रुंदीच्या बाजूने भिंत किती उरेल? ती पुरेशी वाटते का?
3. एकाच मॉडेलची `.stl` आणि `.step` डाउनलोड करा. दोन्ही फ्रीकॅडमध्ये उघडून भोकाच्या भिंतीवर क्लिक करा आणि काय फरक दिसतो ते वहीत लिहा.

उत्तरं: पहिल्याचं 1,200 त्रिकोण. दुसऱ्याचं 2.5 मिमी, ती पुरेशी आहे की नाही ते प्रिंट काढून हाताने वाकवून बघा. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या वहीत.